पितृपंधरवड्याच्या पगारावर उभं घर

साताऱ्यात माझी मावसबहीण राहते. ताई एका पतसंस्थेत क्लार्क आहे आणि दाजी चारचाकी गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समध्ये आहेत. ताईचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला १९,००० रुपये, त्यात वर्षभर फरक नाही. दाजींचा पगार सात तारखेला होतो, पण किती होणार हे सहा तारखेच्या रात्रीपर्यंत दाजींनाही नक्की सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या गाडीच्या कर्जाचा हप्ता बाऊन्स झाला. रक्कम ७,९०० रुपये. त्यावर बँकेने एक दंड लावला, कर्ज देणाऱ्या कंपनीने दुसरा, आणि दोन्ही मिळून हजाराच्या वर गेले. पैशापेक्षा दाजींना लागलं ते वेगळंच. दिवसभर लोकांना कर्जाची कागदपत्रं भरून देणाऱ्या माणसाला स्वतःचा हप्ता थकल्याचा फोन आला होता.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये आम्ही तिघं पासबुकं घेऊन बसलो. त्या बैठकीत जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे, कारण ताई-दाजींसारखी घरं आता गल्लोगल्ली आहेत. एकाचा पगार ठरलेला आणि दुसऱ्याचा कमिशन, इन्सेन्टिव्ह किंवा टार्गेटवर. विमा एजंट, फ्लॅट विकणारे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, डिलिव्हरीवाले. नावं दिलेली नाहीत आणि आकडे सोयीसाठी हजारात बसवले आहेत.

आधी दाजींचं उत्पन्न इतकं वर-खाली का होतं ते समजून घ्यावं लागेल. त्यांना ठरलेला पगार हातात १५,००० मिळतो. बाकी सगळा इन्सेन्टिव्ह. तीन गाड्यांपर्यंत गाडीमागे हजार रुपये. चार ते सहा गाड्या गेल्या तर प्रत्येक गाडीवर दोन हजार. सात झाल्या की सगळ्याच गाड्यांवर साडेतीन हजार. म्हणजे सहा गाड्यांचे होतात १२,००० आणि सात गाड्यांचे २४,५००. एका गाडीने साडेबारा हजारांचा फरक पडतो. विमा, ॲक्सेसरीज आणि कर्जप्रकरणाचे थोडे वेगळे मिळतात. शिवाय इन्सेन्टिव्ह बुकिंगवर धरत नाहीत, डिलिव्हरी झाली तरच धरतात. गिऱ्हाईक म्हणालं की पासिंग पुढच्या महिन्यात करा, तर ती गाडीही पुढच्या महिन्यात गेली. त्यामुळे विक्री थोडी घटली तरी पगार धाडकन खाली येतो, आणि थोडी वाढली तर उडी मारतो.

त्यात आपल्याकडचं पंचांग. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवसांना गाडी घरी न्यायला रांग लागते. पितृपंधरवड्यात शोरूम ओस पडतं. आषाढातही बरेच जण 'श्रावण लागू दे' म्हणतात. हे पैसे एक महिना उशिराने खात्यात येतात, कारण सप्टेंबरच्या विक्रीचा इन्सेन्टिव्ह ऑक्टोबरच्या पगारात जमा होतो. म्हणजे पितृपंधरवड्याची मंदी घरात पोचते ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर. घरोघरी खर्च सर्वांत जास्त असतो तेव्हा दाजींच्या खात्यात सर्वांत कमी पैसे असतात.

पासबुकावरून एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या बारा महिन्यांची दाजींची जमा आम्ही वहीत उतरवली. एप्रिल ३८ हजार, मे ४६, जून ४१, जुलै २९, ऑगस्ट २४, सप्टेंबर ३१, ऑक्टोबर २२, नोव्हेंबर ५८, डिसेंबर ४३, जानेवारी ३४, फेब्रुवारी २६, मार्च २८. बेरीज ४,२०,०००.

"म्हणजे महिन्याला पस्तीस," दाजी लगेच म्हणाले. "मी काही चुकीचं धरून चाललो नव्हतो."

चुकीचं नव्हतंच. भागाकार बरोबर आहे. पण वहीतल्या आकड्यांवर ताईने बोट ठेवत नेलं, तेव्हा पस्तीसच्या खाली सात महिने निघाले. वर फक्त पाच. नोव्हेंबरच्या एकट्या ५८ हजारांनी आणि उन्हाळ्यातल्या दोन-तीन महिन्यांनी सरासरी वर ओढली होती. वर्षातले बहुतेक महिने सरासरीपेक्षा गरीब असतात. बदलत्या कमाईच्या घरांत हे जवळजवळ नेहमीच असं असतं, कारण वर जायला मर्यादा नाही आणि खाली ठरलेल्या पगाराचा तळ आहे. सरासरीवर घर चालवायचं ठरवलं तर बारांपैकी सात महिने कुठून ना कुठून पैसे काढावेच लागतात.

आणि तरीही वर्षाचा हिशेब चुकत नव्हता. ताईचे १९ आणि दाजींचे सरासरी ३५ मिळून महिन्याला ५४ हजार, वर्षाचे ६,४८,०००. गाडीच्या हप्त्यासकट, शाळेची फी, विमा, सणवार सगळं धरून वर्षाचा खर्च निघाला ६,४९,२००. बाराशे रुपयांची तूट. जमाखर्चाची तोंडमिळवणी जवळपास पूर्ण. मग ऑक्टोबरात हप्ता का थकला? मे-जूनमध्ये आलेले जास्तीचे पैसे ऑक्टोबरचे आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते आले आणि खात्यात पडून राहिले. मग नवा फोन आला, महाबळेश्वरची दोन दिवसांची सहल झाली, भाच्याच्या मुंजीत थोडा सढळ हात झाला. एकही खर्च उधळपट्टी म्हणावा असा नव्हता. पण प्रत्येक खर्चाच्या वेळी खात्यात पैसे दिसत होते, आणि दिसतात ते आपले असंच माणूस धरतो.

गाडीची गोष्टही तीच. धनत्रयोदशी २०२३ ला दाजींनी जुनी हॅचबॅक कर्जावर घेतली. तो महिना चांगला होता, नोव्हेंबरच्या अंगाने पाहिलं तर ७,९०० चा हप्ता काहीच नव्हता. कर्ज देणाऱ्यांनीही इन्सेन्टिव्हची सरासरी काढून त्यातला काही भाग धरला आणि कर्ज मंजूर केलं. त्यांचं गणित वर्षाचं असतं. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो, पितृपंधरवड्यानंतरही. शिवाय हप्त्याची तारीख होती पाच आणि दाजींचा पगार सातला. हे दोन दिवसही बारा महिने त्यांच्या जिवाला घोर लावत होते. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी विकली, कर्ज मिटवलं आणि उरलेले चौदा हजार क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत गेले. त्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढत होतं.

तेव्हा ठरवायचं होतं ते एवढंच, की घर कुठल्या आकड्यावर उभं करायचं. माझं म्हणणं होतं, पडत्या महिन्यावर.

पण पडता महिना म्हणजे नेमका कुठला? दाजींच्या आदल्या वर्षाच्या पासबुकात एक महिना १८ हजारांचा होता. त्या महिन्यात त्यांना डेंग्यू झाला होता आणि तीन आठवडे ते शोरूमला गेलेच नव्हते. तो आकडा आम्ही सोडून दिला. आजारपण, अपघात, शोरूम बंद राहणं हे संकट आहे आणि त्यासाठी आरोग्य विमा आणि वेगळी शिल्लक लागते. धंद्याच्या नेहमीच्या चालीत येणारा सर्वांत खालचा महिना धरायचा. ऑक्टोबरचे २२ हजार तसे होते. पितृपंधरवडा दर वर्षी येणार, त्यामुळे तो आकडा अपवाद नाही. काही जण खालच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात. इथे २२, २४ आणि २६ म्हणजे २४ हजार. तेही चालतं, पण मग वर्षातून एकदा तरी तूट येणार हे माहीत असलं पाहिजे आणि तिच्यासाठी पैसे आधीच बाजूला हवेत. सुरुवात करणाऱ्याने सर्वांत खालचाच आकडा धरावा असं मला वाटतं. पहिल्याच वर्षी तूट आली तर माणसाचा पद्धतीवरचा विश्वास उडतो.

म्हणून पाया धरला तो असा: दाजींचे २२, ताईचे १९, एकूण ४१ हजार. आता महिन्याचं घर या ४१ मध्ये बसतं का?

ताईने एकेक खर्च सांगितला आणि मी लिहीत गेलो. घराचा हप्ता १३,२००. किराणा ७,५००. रोजचं लिटरभर दूध २,१००. भाजी-फळं २,६००. वीज, गॅस, मोबाईल, नेट मिळून ३,२००. दोघांचं पेट्रोल ३,०००. मुलाची व्हॅन आणि क्लास २,४००. सासूबाईंची औषधं १,७००. सोसायटीचा मेंटेनन्स १,०००. झाले ३६,७००. गाडीचा हप्ता असता तर ४४,६०० झाले असते. म्हणजे गाडी घेतली त्याच दिवशी पुढचा ऑक्टोबर बुडाला होता, फक्त कळायला अकरा महिने लागले. गाडी गेल्यावर ४१ मधून ४,३०० उरत होते. त्यातले २,३०० किरकोळ खर्चाला ठेवले. पाहुणे, कटिंग, डॉक्टरची फी, बसचं भाडं या गोष्टी वहीत सुटतात आणि त्याच हिशेब मोडतात. राहिलेल्या दोन हजारांचं आवर्ती ठेव खातं काढलं.

यात शाळेची वार्षिक फी नाही, विम्याचे हप्ते नाहीत, दिवाळी नाही. ताईला तेच खटकलं. "अरे, ते काय आभाळातून पडणार आहेत?"

ते वेगळे मांडले. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश मिळून २८,०००. गणपतीला ८,०००, दिवाळीला १२,०००. नोव्हेंबरमध्ये आरोग्य आणि गाडीचा विमा मिळून १९,०००. गाडी म्हणजे आता दाजींची दुचाकी. जानेवारीत आयुर्विम्याचा हप्ता १६,०००. मार्चमध्ये घरपट्टी ३,४००. एकूण ८६,४००. बाराने भागले तर महिन्याला ७,२००. हे ७,२०० जर महिन्याच्या खर्चात घातले, तर ४१ हजारांत घर बसत नाही, आणि बहुतेक लोक इथेच वही मिटतात. पण ते तिथे घालायचेच नाहीत. पडत्या महिन्याच्या पायावर फक्त दर महिन्याला अटळपणे येणारे खर्च उभे राहतात. वर्षातून एकदा येणारे खर्च भरत्या महिन्यांच्या वरच्या पैशातून जातात, आणि त्या पैशाचं ते पहिलं काम आहे.

पुरतात का? दाजींच्या ४,२०,००० मधून बावीस हजारांप्रमाणे बारा महिन्यांचे २,६४,००० घराला दिले. उरले १,५६,०००. त्यातून वार्षिक खर्चाचे ८६,४०० गेले तर ६९,६०० शिल्लक राहतात. ज्या उत्पन्नावर हप्ता थकला होता, त्याच उत्पन्नावर गाडीचं कर्ज काढून टाकल्यावर आणि पैशांचा क्रम बदलल्यावर हा आकडा येतो.

आता हे खात्यांत कसं बसवलं ते सांगतो, कारण वहीत ठरवलेली गोष्ट खात्यात न बसवल्यास दोन महिन्यांत विरते. दाजींचा सगळा पगार त्यांच्या जुन्याच खात्यात येतो. त्या खात्याचं डेबिट कार्ड ताईच्या कपाटात आहे आणि फोनवरच्या यूपीआय ॲपमधून ते खातं काढून टाकलं आहे. आठ तारखेला बँकेच्या स्थायी सूचनेप्रमाणे तिथून २२,००० दोघांच्या संयुक्त घरखर्चाच्या खात्यात आपोआप जातात. महिना ५८ चा असो की २४ चा, बावीसच जातात. दाजी स्वतःलाच पगार देतात म्हणा ना. वरचे पैसे जुन्या खात्यातच राहतात. घरात त्याला 'साठवण' म्हणतात. घराचं कर्ज ताईच्या खात्याला जोडलं आणि हप्त्याची तारीख बँकेला अर्ज देऊन पाच केली. ज्याचा पगार नक्की, हप्ता त्याच्या खात्यातून.

यात एक गोष्ट मला टोचत होती आणि मी ती बोललो. ताईचा पगार हप्त्यात आणि किराण्यात विरून जातो आणि साठवण दाजींच्या एकट्याच्या नावावर वाढत राहते, हे बरोबर नाही. ठरलेला पगार आणणाऱ्या माणसामुळेच दुसऱ्याला बदलत्या कमाईची जोखीम घेता येते. ताई महिन्याचा तळ धरून ठेवते म्हणून दाजी सातव्या गाडीच्या मागे धावू शकतात. दाजींनी पुढच्याच आठवड्यात बँकेत जाऊन ताईचं नाव त्या खात्याला जोडलं, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशा पद्धतीने.

साठवण कुठे ठेवायची यावर थोडा वाद झाला. दाजींना म्युच्युअल फंडात टाकायची होती. पण या पैशाला तारखा आहेत. जूनमध्ये फी भरायची आहे, आणि जूनमध्ये बाजार पडलेला असेल तर फी थांबत नाही. ताईच्या पतसंस्थेत बँकेपेक्षा जास्त व्याज आहे, पण तिनेच नको म्हटलं. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्याही, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. म्हणून साठवण बँकेतच ठेवली आणि खात्यात ठरावीक रकमेच्या वर गेलेले पैसे आपोआप मुदत ठेवीत जातील अशी सोय करून घेतली. लागले की ती आपोआप मोडते.

सुरुवात कुठल्या महिन्यात करायची हे लोक लक्षातच घेत नाहीत, आणि खरी मेख तिथे आहे. मागच्या वर्षाच्याच आकड्यांवर आम्ही दोनदा हिशेब करून पाहिला. एप्रिलमध्ये सुरुवात केली असती तर एप्रिलचे १६, मेचे २४ आणि जूनचे १९ मिळून ५९ हजार साठले असते. शाळेची फी गेल्यावर ३१ हजार राहिले असते. पुढे जुलैचे ७, ऑगस्टचे २, सप्टेंबरचे ९ हजार येऊन आणि गणपतीचे ८ हजार जाऊन ४१ हजार. ऑक्टोबरात वर काहीच नाही आणि दिवाळीचे १२ हजार गेले, तरी तळ २९ हजारांचा. आता हीच पद्धत ऑगस्टमध्ये सुरू केली असती तर? ऑगस्टचे २ आणि सप्टेंबरचे ९ हजार आले, त्यातून गणपतीला ८ गेले, राहिले ३. दिवाळीला १२ लागणार. नऊ हजारांची तूट, पहिल्याच तीन महिन्यांत. तेच घर, तेच आकडे, फक्त सुरुवात चुकली. ज्यांना मंदीच्या काळातच सुरुवात करावी लागते त्यांनी आधी ही तूट मोजावी आणि तेवढं बीजभांडवल कुठून तरी आणून ठेवावं. एखादी छोटी ठेव मोडणं किंवा त्या वर्षीची दिवाळी बारा हजारांऐवजी तीनमध्ये करणं, यात लाज नाही. नाहीतर थांबावं आणि आपल्या धंद्याच्या भरतीच्या महिन्यात सुरुवात करावी. दाजींच्या धंद्यात ती वेळ पाडव्यानंतरची किंवा धनत्रयोदशीनंतरची.

पहिलं वर्ष सुरू झालं आणि पाच महिने सगळं ठरल्यासारखं चाललं. मग १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी जीएसटीत कपात होणार असं जाहीर केलं. गाडी घ्यायला निघालेली माणसं थांबली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला. छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के कर आणि वरचा उपकर जाऊन १८ टक्के होणार, पण २२ सप्टेंबरपासून. मधे ७ ते २१ सप्टेंबर पितृपंधरवडा. बुकिंग येत होती, डिलिव्हरी कोणी घेत नव्हतं. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या मंदीमुळे सप्टेंबरचा पगार १९,५०० झाला. पायाच्याही अडीच हजारांनी खाली.

त्या दिवशी दाजींचा फोन आला. आवाज पडलेला होता. "तुझा पाया फुटला रे."

पाया फुटला होता हे खरं. पण साठवणीत ऑगस्टअखेर ३७ हजार होते. आठ तारखेला घरखर्चाच्या खात्यात २२,००० गेले, अडीच हजार साठवणीतून निघाले आणि किराणा, औषधं, हप्ता यांपैकी कशालाही धक्का लागला नाही. वर्षभर ज्या ऑक्टोबरची भीती होती, तो मात्र ४४ हजारांचा निघाला. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती, कर कमी झाला होता आणि शेवटच्या नऊ दिवसांत अडकलेल्या सगळ्या गाड्या गेल्या. पडता महिना कुठला असेल याचा अंदाज चुकू शकतो. किती पडता असू शकतो हे पासबुक बऱ्यापैकी सांगतं, आणि तिथेही थोडी चूक निघाली तर साठवण ती पोटात घेते.

यासाठीच साठवणीत वार्षिक खर्चांच्या वर एक राखीव रक्कम हवी. आम्ही ती दाजींच्या तीन महिन्यांच्या पायाएवढी धरली, ६६ हजार. ती पुरी भरेपर्यंत नवा खर्च, नवा हप्ता, नवी एसआयपी काही नाही. भरल्यावर वरच्या पैशाचं काय करायचं ते दोघांनी ठरवायचं. कर्जाचं मुद्दल कमी करणं किंवा मुलाच्या शिक्षणासाठी लांबची गुंतवणूक, हे सगळं त्यानंतर. एकदम रक्कम भरता येईल अशा गोष्टी दाजींसारख्यांना बऱ्या पडतात, कारण दर महिन्याला बांधून घ्यावं लागत नाही. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, आणि चांगल्या वर्षी दीड लाखापर्यंत भरता येतात.

बिघडायला लागलं तर आधी कुठे दिसतं, हे ताईने स्वतः शोधून काढलं. ती दर महिन्याच्या २२ तारखेला घरखर्चाच्या खात्यातली शिल्लक वहीत लिहिते. एखाद्या महिन्यात ती तळाला गेली तर काहीतरी एकदाच घडलं असेल. ओळीने तीन महिने गेली तर पाया खोटा आहे, म्हणजे खर्च ४१ च्या वर सरकलाय आणि तो कुठला ते शोधायला हवं. तिच्याकडे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तीनही महिने शिल्लक घसरलेली दिसली. शोधल्यावर निघालं की सासूबाईंचं एक औषध बदललं होतं आणि महिन्याला नऊशे रुपये वाढले होते. ते त्यांनी आवर्ती ठेवीतून कमी केले. दुसरी खूण क्रेडिट कार्डाची. बिलातली फक्त किमान रक्कम भरण्याची वेळ आली, की पाया नक्की फुटलाय असं समजावं, मग खात्यात काही का दिसेना.

ही पद्धत सगळ्यांना जशीच्या तशी बसणार नाही. दाजींना महिन्याला १५ हजार तरी नक्की मिळतात. फ्लॅट विकणाऱ्या एजंटाचे तीन-तीन महिने कोरडे जातात आणि मग एका व्यवहाराचे दोन लाख येतात. त्याचा पडता महिना शून्य, आणि शून्यावर कुठलंच घर उभं राहत नाही. अशांनी वर्षातले ओळीने आलेले सर्वांत वाईट सहा महिने घ्यावेत आणि त्यांच्या बेरजेला सहाने भागावं. तो त्यांचा पाया. पण मग साठवणही किमान सहा महिन्यांची लागते, आणि ती होईपर्यंत घर दुसऱ्याच्या ठरलेल्या पगारातच बसवावं लागतं. तेही बसत नसेल तर कमाईचा मार्ग बदलण्याचा विचार करावा लागतो, हे कटू आहे पण टाळता येत नाही. विमा एजंट किंवा कमिशनवर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. कमिशनमधून टीडीएस आता फक्त दोन टक्के कापला जातो. उत्पन्न करपात्र असेल तर खरा कर त्याहून पुष्कळ जास्त निघतो आणि तो भरायच्या तारखा जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला येतात. तो पैसा साठवणीचा नाही. तो वेगळा ठेवावा.

नोव्हेंबर २०२५ चा दाजींचा पगार ६७ हजार झाला. त्यांनी मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, 'बावीस गेले.' मुलाने सायकल मागितली होती. ती डिसेंबरमध्ये आली, साठवण ६६ च्या वर गेल्यावर, रोख पैशाने.

आता एप्रिल जवळ आला आहे आणि पाया पुन्हा काढायचा आहे. दाजींचं म्हणणं, या वर्षी एकूण कमाई वाढली, तर पाया २४ करू. ताईचं म्हणणं, बारा महिन्यांत एक १९,५०० चा निघाला, तर तो पाहता २२ सुद्धा जास्तच आहे. दाजी म्हणतात की जीएसटीचा गोंधळ दर वर्षी होणार नाही, तो डेंग्यूसारखाच सोडून द्यावा. ताईला ते पटत नाही. कराचे दर, बँकांचे व्याजदर, कंपनीच्या इन्सेन्टिव्हचं कोष्टक यांतलं काही ना काही दर वर्षी बदलतंच, असं ती म्हणते. मार्चची जमा आली की आम्ही पुन्हा वही घेऊन बसणार आहोत.